बाकी सगळे गेम झकास, एकाच गेममध्ये पिंग १३७: परतीच्या वाटेतला घोळ कसा शोधायचा

तीन आठवडे माझा एका गेममधला पिंग १३७ मिलिसेकंदांवर चिकटून होता. त्याच केबलवर, त्याच संध्याकाळी दुसऱ्या दोन गेममध्ये तो पंधराच्या आसपास असायचा. स्पीड टेस्ट उत्तम, व्हिडिओ कुठे अडखळत नाही, राउटर नवा. इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला लाइनमध्ये दोष दिसेना आणि गेमच्या सपोर्टला सर्व्हरमध्ये. दोघंही खरंच बोलत होते. दोष त्या दोघांच्या मधल्या जोडणीत होता, आणि तोही माझ्याकडून जाणाऱ्या वाटेवर नव्हता. माझ्याकडे परत येणाऱ्या वाटेवर होता.

एकाच गेममध्ये पिंग चढतो तेव्हा बहुतेक जण पहिला ट्रेस काढून तिथेच थांबतात. ट्रेस म्हणजे पॅकेट वाटेत ज्या राउटरांमधून जातं त्यांची यादी. तीत फक्त जाण्याची वाट दिसते, परतीची दिसत नाही. म्हणून या लेखात परतीच्या वाटेवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी दोन साध्या शंका मिटवा

पहिली शंका अशी की गेमने तुम्हाला लांबच्या रीजनमध्ये तर टाकलेलं नाही ना? पार्टीतला एखादा मित्र दुसऱ्या रीजनचा असेल किंवा तुमच्या रीजनमध्ये खेळाडू कमी असतील, तर काही गेम गुपचूप दूरच्या सर्व्हरवर मॅच लावतात. सेटिंगमध्ये रीजन पक्का करा आणि एकट्याने एक मॅच खेळून पाहा.

दुसरी शंका घरातलीच. वायफाय बाजूला ठेवा आणि केबल लावून पिंग बघा. तरीही फक्त याच गेममध्ये आकडा चढलेला असेल तर घरातलं सामान निर्दोष समजा. त्यानंतर डीएनएस बदलणं, पोर्ट फॉरवर्ड करणं किंवा गेमिंग राउटर विकत घेणं यांतलं काहीच कामाचं नाही. पॅकेट घराबाहेर पडल्यावर कुठल्या रस्त्याने जायचं, हे यांपैकी कशाच्याच हातात नसतं.

किती पिंग यायला हवा होता

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाणं-येणं मिळून हिशेब केला तर सर्व्हरच्या दर १०० किलोमीटर अंतरामागे पिंगमध्ये किमान १ मिलिसेकंद पडतो. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते आणि मधली यंत्रंही थोडा वेळ खातात, म्हणून मी त्या किमान आकड्याची दुप्पट धरतो. माझा सर्व्हर सुमारे ७०० किलोमीटरवरच्या शहरात होता. म्हणजे किमान ७, प्रत्यक्षात १४-१५ ठीक. १३७ म्हणजे पॅकेट कुठेतरी फार मोठा वळसा घेतंय किंवा कुठेतरी रांगेत ताटकळतंय.

वळसा आणि रांग हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. ते ओळखायला आधी गेमच्या सर्व्हरचा खरा पत्ता हाती लागायला हवा.

सर्व्हरचा पत्ता काढणं

लॉबीत असताना गेम ज्या पत्त्यांशी बोलतो ते बहुधा लॉगिन आणि मॅच शोधण्यासाठीचे असतात. खेळ चालतो तो सर्व्हर वेगळा. म्हणून मॅच सुरू असतानाच पत्ता काढा.

विंडोजवर `resmon` चालवा, `Network` टॅबमध्ये गेमच्या नावापुढे खूण करा आणि `Network Activity` ही यादी बघा. मॅचभर एकसारखा, दोन्ही बाजूंनी डेटा वाहतोय असा एकच पत्ता उठून दिसेल. तोच आपला. वायरशार्क वापरत असाल तर `Statistics` मधल्या `Conversations` मध्ये यूडीपीच्या टॅबवर सगळ्यात जास्त पॅकेट कुठे जातायत ते पाहा. लिनक्सवर हे पुरतं:

```
sudo tcpdump -n udp and not port 53
```

दोन-तीन मॅचचे पत्ते लिहून ठेवा. काही गेममध्ये मधे रिले असतो. व्हॉल्व्हच्या गेममध्ये तुमचं पॅकेट आधी त्यांच्या रिलेकडे जातं आणि तिथून पुढे त्यांच्याच नेटवर्कमधून सर्व्हरकडे. तिथे हाती लागणारा पत्ता रिलेचा असतो. आपल्याला तो चालतो, कारण इंटरनेट कंपनीची हद्द संपून गेमवाल्यांची सुरू होते ती जागा त्याच्या अलीकडेच असते.

पाच मिनिटांचा ट्रेस

`tracert` एका हॉपला, म्हणजे वाटेतल्या एका राउटरला, फक्त तीन पॅकेट पाठवतो. त्यावरून तक्रार उभी राहत नाही. `mtr` वापरा, विंडोजवर त्याचाच भाऊ विनएमटीआर मिळतो. सेकंदाला एक या हिशेबाने ३०० पॅकेट जाऊ द्या:

```
mtr -n -r -w -z -c 300 192.0.2.44
```

माझा निकाल खाली आहे. पत्ते आणि एएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक नेटवर्कचा ओळख क्रमांक, बदलून उदाहरणासाठी राखीव असलेले घातले आहेत, आणि गर्दी नको म्हणून काही रकाने गाळले आहेत.

```
                          Loss%   Avg   Best   Wrst
1. AS???    192.168.1.1    0.0%   0.6    0.4    2.0
2. AS???    100.64.0.1     0.0%   3.2    2.7    6.1
3. AS64500  203.0.113.9   62.0%  41.5    5.1  118.0
4. AS64500  203.0.113.41   0.0%   9.1    8.6   12.3
5. AS64511  198.51.100.17  0.0% 131.2  130.6  134.0
6. AS64511  198.51.100.90  0.0% 136.4  135.9  139.2
7. AS64511  192.0.2.44     0.0% 136.9  136.1  140.5
```

बहुतेकांची नजर आधी तिसऱ्या ओळीवर जाते. ६२ टक्के लॉस! हेल्पलाइनला हीच ओळ दाखवली जाते आणि तक्रार तिथेच मरते. तिथे काहीही बिघडलेलं नाही. राउटरचं खरं काम पॅकेट पुढे ढकलण्याचं. ट्रेसला उत्तर देणं हे फावल्या वेळचं काम, आणि बरेच राउटर ते मुद्दाम मर्यादित ठेवतात. त्याच्या पुढच्या चौथ्या ओळीत लॉस शून्य आहे, म्हणजे तिसऱ्या राउटरने सगळी पॅकेट नीट पुढे पाठवली. नियम एवढाच: जो लॉस किंवा जी वाढ शेवटच्या ओळीपर्यंत टिकते तीच खरी.

टिकणारी वाढ पाचव्या ओळीत सुरू होते. चौथ्यापर्यंत `AS64500`, म्हणजे माझी इंटरनेट कंपनी. पाचव्यापासून `AS64511`, म्हणजे गेमवाल्यांचं नेटवर्क. दोन नेटवर्क एकमेकांना भेटतात त्याच सांध्यावर ९ चे १३१ झाले.

सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर शेवटी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या ओळी येतील. त्याने अडत नाही. हा सांधा ओलांडल्यावर उत्तर देणारा एखादा हॉप मिळाला की काम भागतं.

वळसा की रांग? `Best` चा रकाना सांगतो

दोन नेटवर्कमधली जोडणी संध्याकाळी तुडुंब भरली की पॅकेट रांगेत थांबतात. पण ३०० पॅकेटांत एखाद्याला तरी रांग बहुधा मोकळी मिळते. त्यामुळे `Best` कमी राहतो, `Avg` आणि `Wrst` वर जातात आणि जोडीला थोडा लॉस येतो. पहाटे सगळं सुरळीत असतं. वळशात मात्र सगळ्यात नशीबवान पॅकेटलाही तेवढाच लांबचा प्रवास करावा लागतो. `Best` स्वतःच उंच असतो, चढउतार नगण्य असतात, आणि पहाटे चारलाही तोच आकडा दिसतो.

म्हणून एक ट्रेस रात्री नऊच्या सुमारास आणि एक पहाटे घ्या. माझ्याकडे दोन्ही वेळी `Best` १३०.६ च्या आगेमागे होता. रांगेचा प्रश्न निकालात निघाला. तुमच्याकडे रांगच दिसली तर पुढचा शोध लागू होत नाही. तिथे उपाय जोडणीची क्षमता वाढवण्याचा, दोन कंपन्यांनी मिळून करायचा, आणि त्याला आठवडे-महिने लागतात. तक्रारीत पहाटेचा आणि रात्रीचा ट्रेस शेजारी शेजारी जोडा आणि तोवर चांगल्या व्हीपीएनवर काम चालवा.

ट्रेसमध्ये न दिसणारी अर्धी वाट

इथे जरा थांबून विचार करू. चौथा आणि पाचवा हॉप एकाच शहरात, एकाच एक्स्चेंजवर होते. एक्स्चेंज म्हणजे अनेक नेटवर्क जिथे आपापल्या तारा आणून थेट एकमेकांना डेटा देतात ती जागा. पाचव्या राउटरचं नाव उलट शोधून पाहिलं तर त्यात त्याच शहराची खूण होती (`mtr` मधून `-n` काढला की नावं दिसतात, आणि त्यांत बरेचदा विमानतळाची तीन अक्षरं असतात, जसं फ्रँकफर्टसाठी `fra`). एकाच एक्स्चेंजवरच्या दोन राउटरमध्ये १२२ मिलिसेकंदांचं अंतर पडणं शक्यच नाही.

मग ते १२२ आले कुठून? ट्रेसमधला प्रत्येक आकडा जाणं अधिक येणं असा असतो. पाचव्या राउटरपर्यंत पॅकेट थेटच पोहोचलं, पण त्याचं उत्तर माझ्याकडे वेगळ्याच वाटेने आलं. एका बाजूच्या प्रवासात फायबरमध्ये मिलिसेकंदाला २०० किलोमीटर कापले जातात. १२२ मिलिसेकंद म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर. उत्तर समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडात जायचं आणि तिथून परत माझ्याकडे यायचं.

जाण्याची वाट माझी इंटरनेट कंपनी ठरवते आणि परतीची गेमवाले. दोन्ही एकच असाव्यात असा नियम नाही. आणि वाट ठरवणारी बीजीपी ही यंत्रणा मिलिसेकंद मोजतच नाही. आधी ती नेटवर्क चालवणाऱ्याने दिलेला अग्रक्रम बघते, ज्यामागे सहसा पैशांचा हिशेब असतो. तो सारखा असेल तर मधे किती नेटवर्क लागतात ते मोजते. तीन नेटवर्कमधून जाणारी ५० किलोमीटरची वाट तिला दोन नेटवर्कमधून जाणाऱ्या जगप्रदक्षिणेपेक्षा लांब वाटते.

परतीच्या वाटेवर बोट ठेवणं

पहिली चाचणी व्हीपीएनची. सर्व्हरच्याच शहरात बाहेर पडणारा व्हीपीएन लावून एक मॅच खेळा. माझा पिंग १३७ वरून २१ वर आला. जास्तीचा प्रवास असूनही व्हीपीएनने पिंग कमी होतो तेव्हा दोष वाटेचा, हे पक्कं. पण व्हीपीएन जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा बदलतो, म्हणून कुठली बाजू बिघडलीय ते यातून कळत नाही.

ते कळलं दुसऱ्या चाचणीत. माझ्याच इंटरनेट कंपनीचं कनेक्शन असलेल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मित्राला मी तोच `mtr` चालवायला सांगितलं.

"माझा तर पंधरा येतोय," तो म्हणाला. "तुझंच काहीतरी गंडलंय बघ."

त्याच्या ट्रेसमधला प्रत्येक हॉप माझ्यासारखाच होता, अगदी पाचवा राउटरसुद्धा तोच. फक्त आकडे वेगळे. आमच्या दोघांत फरक एकच होता, बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता. 'माझा आयपी काय' असं दाखवणाऱ्या साइटवर दोघांचे पत्ते पाहिले तर ते वेगवेगळ्या गटांतले निघाले. गट म्हणजे नेटवर्क एकत्र जाहीर करतं असे सलग पत्ते. जाणारं पॅकेट सर्व्हरच्या पत्त्यावरून वाट शोधतं, परतणारं तुमच्या पत्त्यावरून. एकच कंपनी, तेच हॉप, वेगळा पत्ता आणि वेगळा पिंग. मग दोष परतीच्या वाटेवरच असणार.

असा मित्र हाताशी नसेल तर राउटर अर्धा तास बंद ठेवून चालू करा आणि बाहेरचा पत्ता बदलला का ते पाहा. बदलून दुसऱ्या गटातला आला आणि पिंग उतरला, तर निष्कर्ष तोच. दुसऱ्या हॉपला `100.64` ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटलेला असतो. तिथे राउटरवरचा पत्ता बघून उपयोग नाही, साइटवर दिसतो तोच धरा.

तिसरी पायरी गटाची चौकशी करण्याची. `bgp.he.net` किंवा `RIPEstat` वर आपला बाहेरचा पत्ता टाका. तो कुठल्या गटात येतो आणि कोण जाहीर करतं हे दिसतं, आणि कधीपासून ते `RIPEstat` वर. माझा गट माझ्या कंपनीच्या नावावर अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी दिसू लागला होता. गेम बिघडला तोच दिवस! मग हे चालवलं:

```
whois -h whois.radb.net 203.0.113.77
```

मित्राचा पत्ता टाकला की `route:` आणि `origin:` अशा ओळी येत होत्या, माझ्यासाठी नोंदच नव्हती. RADB ही नोंदवही म्हणजे कुठला गट कुठल्या नेटवर्कने जाहीर करायचा याची सार्वजनिक वही. अनेक मोठी नेटवर्क एक्स्चेंजवर शेजाऱ्याकडून गट स्वीकारताना हिच्यावरून चाळणी बनवतात आणि वहीत नाव नसलेला गट चाळणीतून खाली पडतो.

आता चित्र जुळलं. कंपनीने नवा गट वापरात आणला, पण वहीत नोंद करायची राहिली. गेमवाल्यांच्या चाळणीने एक्स्चेंजवर तो गट नाकारला. त्यांना माझ्यापर्यंत पोहोचायची वाट मग फक्त इतरांचा डेटा वाहून नेणाऱ्या एका मोठ्या ट्रान्झिट नेटवर्ककडून मिळत होती, आणि त्या नेटवर्कची माझ्या कंपनीशी गाठ पडत होती थेट दुसऱ्या खंडात. बाकीचे गेम वेगळ्या नेटवर्कवर होते. त्यांची चाळणी वेगळी, वाट वेगळी, म्हणून ते ठणठणीत.

नोंद नसणं एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण चाळणी न लावणारी नेटवर्कंही भरपूर आहेत. मित्राच्या आकड्यांबरोबर ठेवलं तेव्हाच ते वजनदार झालं. परतीची वाट प्रत्यक्ष बघायची असेल तर गेमवाल्यांच्या नेटवर्कमध्ये 'लुकिंग ग्लास' आहे का ते शोधा. तिथून तुमच्या पत्त्याकडे ट्रेस काढता येतो. `RIPE Atlas` चा एखादा प्रोब, म्हणजे मोजमाप करणारं छोटं यंत्र, त्यांच्या नेटवर्कमध्ये असला तर तोही चालतो. बहुतेक गेमवाल्यांकडे दोन्ही नसतं.

तक्रार अशी लिहा की ती वर सरकेल

हेल्पलाइनवरचा माणूस हे दुरुस्त करू शकत नाही. त्याच्या पडद्यावर वाटा बदलायचं बटणच नाही. तुमची तक्रार नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमच्या हाती पडायला हवी, आणि ती टीम 'गेम लॅग होतोय' या वाक्यावर काहीच करू शकत नाही. मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

> नमस्कार. कृपया ही तक्रार नेटवर्क ऑपरेशन्स टीमकडे द्यावी. माझा सार्वजनिक पत्ता 203.0.113.77. AS64511 कडून या गटाकडे येणारी परतीची वाट दुसऱ्या खंडातून येते असं दिसतं. एक्स्चेंजवरचा हॉप 203.0.113.41 पर्यंत ९ मिलिसेकंद आणि पुढचाच हॉप 198.51.100.17 ला १३१. दिवसभर हाच आकडा, लॉस शून्य. आपल्याच जुन्या गटातल्या ग्राहकाला तोच हॉप ९ मिलिसेकंदांत मिळतो. आमच्या गटाची राउट नोंद RADB वर दिसत नाही. ती तपासून AS64511 च्या पिअरिंग टीमशी बोलावं ही विनंती. दोन्ही ग्राहकांचे रात्रीचे आणि पहाटेचे ट्रेस वेळेसह जोडले आहेत.

या मजकुरात राग नाही, गेमचं नाव नाही, 'तुमची सेवा भिकार आहे' नाही. कुठला सांधा, कुठली बाजू, काय तपासायचं, एवढंच. गेमचं नाव मी मुद्दाम टाळलं. ते वाचलं की समोरचा तक्रार गेमच्या सपोर्टकडे ढकलून मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

हाच मजकूर गेमच्या सपोर्टलाही पाठवा, कारण परतीची वाट शेवटी त्यांचीच आहे. `PeeringDB` वर दोन्ही नेटवर्कची पानं बघून ठेवा. ती कुठल्या कुठल्या एक्स्चेंजवर हजर आहेत ते तिथे कळतं. एकाच एक्स्चेंजवर दोघं असूनही वाट बाहेरून जात असेल तर तसं लिहा. दोघं कुठेच एकत्र नसतील तर थेट जोडणीची अपेक्षाही तशी बेताचीच ठेवा.

पहिलं उत्तर राउटर रीस्टार्ट करा असंच आलं. दुसऱ्यांदा तोच मजकूर पाठवून 'रीस्टार्ट केला, आकडे तेच, टीमकडे द्यावी' एवढी ओळ वर जोडली. पाचव्या दिवशी `whois` मध्ये माझ्या गटाची नोंद उगवली. पिंग मात्र १३७ वरच! चाळण्या ठराविक वेळानेच नव्याने बनतात, म्हणून नोंद झाली की लगेच फरक दिसत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. पाचवा हॉप ९, सर्व्हर १५.

कंपनीने हात वर केले तर तुमच्या हातात तीन गोष्टी उरतात. दुसऱ्या गटातला पत्ता मागणं, आणि स्थिर सार्वजनिक पत्ता घेतला तर तो बरेचदा वेगळ्या गटातून मिळतो. गेम आयपीव्ही६ वर चालत असेल तर ते चालू किंवा बंद करून बघणं, कारण दोन्हींच्या वाटा स्वतंत्र असतात (`ping -4` आणि `ping -6` ने फरक लगेच कळतो). आणि व्हीपीएन, ज्यात फक्त गेमचा डेटा बोगद्यातून जाईल अशी सोय बघा, नाहीतर बाकी सगळं विनाकारण फिरून येईल.

पिंग उतरल्या दिवशीचा ट्रेस मात्र जपून ठेवा. वाटा पुन्हा बदलतात. माझ्याकडे दोन महिन्यांनी एकदा ४० दिसला तेव्हा जुना ट्रेस शेजारी ठेवला, आणि फरक या वेळी सांध्यावर नाही, वेगळ्याच हॉपवर आहे हे मिनिटभरात कळलं.